अवस्था म्हणजेच एक्स्प्रेशन : डेरिव्हेटिव्हने थेट डीएफए

प्रश्न : आम्हाला रेग्युलर एक्स्प्रेशनवरून आधी एनएफए आणि मग सबसेट कन्स्ट्रक्शनने डीएफए काढायला शिकवलं. डेरिव्हेटिव्ह वापरले की मधला टप्पा लागत नाही म्हणतात. ते कसं?

इथे डीएफएची प्रत्येक अवस्था हे स्वतःच एक एक्स्प्रेशन असतं, म्हणून एनएफएची गरज उरत नाही. एक्स्प्रेशन `r` घ्या. त्यात बसणाऱ्या स्ट्रिंगपैकी ज्या `a` ने सुरू होतात तेवढ्याच ठेवा आणि त्यांचं पहिलं `a` खोडा. जे उरलं, ते `r` चं `a` सापेक्ष डेरिव्हेटिव्ह. आपण त्याला `D_a(r)` म्हणू. `a` वाचून झाल्यावर पुढे काय आलं तर चालेल, हे ते सांगतं. डीएफएची अवस्था तरी दुसरं काय लक्षात ठेवते?

हे उरलेलं पुन्हा रेग्युलर एक्स्प्रेशनच असतं आणि ते साध्या नियमांनी लिहिता येतं, हे यानुश ब्झोझोव्स्की यांनी १९६४ मध्ये दाखवलं. `∅` म्हणजे ज्यात एकही स्ट्रिंग बसत नाही असं एक्स्प्रेशन आणि `ε` म्हणजे रिकामी स्ट्रिंग, असं धरून मुख्य नियम असे :

```
D_a(a) = ε      D_a(b) = ∅      D_a(ε) = ∅
D_a(r|s) = D_a(r) | D_a(s)
D_a(r*)  = D_a(r)·r*
D_a(r·s) = D_a(r)·s              r रिकामं होऊ शकत नसेल तर
         = D_a(r)·s | D_a(s)     होऊ शकत असेल तर
```

मूळ एक्स्प्रेशन ही सुरुवातीची अवस्था. तिथून प्रत्येक अक्षराचं डेरिव्हेटिव्ह काढायचं. नवं एक्स्प्रेशन मिळालं तर नवी अवस्था, आधीचंच मिळालं तर तिकडे बाण. ज्या एक्स्प्रेशनमध्ये रिकामी स्ट्रिंग बसते, ती स्वीकाराची अवस्था. नवं काही मिळेनासं झालं की डीएफए पूर्ण.

प्रश्न : हे नियम मी लिहिले, पण `(a|ab)*` साठी माझा प्रोग्राम `ab` स्वीकारतो आणि `aa` नाकारतो. कुठे चुकतंय?

जोडणीच्या, म्हणजे `r·s` च्या, नियमातली दुसरी ओळ तुमच्याकडून राहिली असणार, लक्षणं तरी तेच सांगतात. हातानेच करून पाहू. अक्षरं `a` आणि `b` ही दोनच धरा.

मूळ एक्स्प्रेशनला `r` म्हणू. `a` वाचलं की कंसातल्या `a` चं `ε` होतं आणि `ab` चं `b` उरतं, म्हणून `D_a(r)` म्हणजे `(ε|b)·r`. याला `s` म्हणू. `r` मधली कुठलीच फेरी `b` ने सुरू होत नाही, म्हणून `D_b(r)` हे `∅`.

आता `s`. त्याचा पहिला भाग `ε|b` रिकामा होऊ शकतो. म्हणजे पुढचं अक्षर त्या भागाचं असेल किंवा तो भाग न वापरता थेट मागच्या `r` चं असेल. दोन्ही शक्यता धरायच्या. `a` साठी पहिली शक्यता `∅` देते, दुसरी `D_a(r)` म्हणजे `s`. `b` साठी पहिली `r` देते, दुसरी `∅`. तुमचा प्रोग्राम दुसरी शक्यता पाहत नसेल तर `b` वर तो बरोबरच उत्तर देईल, म्हणून `ab` पार पडतं. `a` वर मात्र तो `∅` मध्ये अडकेल, आणि `aa` नाकारलं जाईल.

```
        a    b
r  →    s    ∅     स्वीकार
s  →    s    r     स्वीकार
∅  →    ∅    ∅
```

`abb` चालवून पाहा : `r` वरून `s`, मग `r`, मग `∅`. म्हणजे नकार, आणि तो योग्यच आहे, कारण इथे प्रत्येक `b` च्या लगेच आधी `a` असायलाच हवा.

प्रश्न : `(a*)*` दिलं की प्रोग्राम थांबतच नाही, मेमरी भरते. `∅|x` चं `x` आणि `ε·x` चं `x` करणं मी आधीच घातलंय.

ते दोन नियम चांगले आहेत, पण पुरेसे नाहीत. `r` म्हणजे `(a*)*` आणि `p` म्हणजे `a*·r` धरा. पहिल्या `a` नंतर `p` मिळतं. दुसऱ्या `a` नंतर `p|p`, कारण `a*` रिकामं होऊ शकतं आणि दोन्ही शक्यता `p` च देतात. तिसऱ्या `a` नंतर `(p|p)|(p|p)`. प्रत्येक पायरीला प्रती दुप्पट होतात. एकविसाव्या `a` ला त्या १०,४८,५७६ होतील. भाषा तसूभरही बदललेली नाही, पण लिहिण्यात फरक पडल्यामुळे प्रोग्रामला प्रत्येक वेळी नवी अवस्था दिसते.

उपाय ब्झोझोव्स्कींच्या त्याच कामात आहे. `|` साठी तीन गोष्टी समान माना : `x|x` आणि `x`, `x|y` आणि `y|x`, तसंच कंसांची जागा बदललेली रूपं. एवढ्यावर वेगळ्या डेरिव्हेटिव्हची संख्या कोणत्याही एक्स्प्रेशनसाठी मर्यादित राहते, हे सिद्ध झालेलं आहे. कोडमध्ये एकात एक अडकलेले सगळे `|` सपाट करून त्यांची एक यादी करा, ती ठरलेल्या क्रमाने लावा आणि दुहेरी नोंदी काढा. हे एक्स्प्रेशन बनवतानाच करा. नंतर तुलनेच्या वेळी करायला गेलात तर आतल्या थरांतले `|` हमखास सुटतात. प्रोग्राम पुन्हा अडकला तर पहिल्या दहाबारा अवस्था छापून बघा; कुठला तुकडा दोनदा आलाय ते लगेच दिसेल.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. अक्षर `a` एवढंच धरलं तर दुरुस्तीनंतर `(a*)*` साठी `r` आणि `p` अशा दोन अवस्था उरतात. दोघींची भाषा एकच, म्हणजे खरं तर एका अवस्थेत भागलं असतं. या पद्धतीचा डीएफए नेहमी सर्वांत लहान असतोच असं नाही. `(x*)*` चं `x*` करण्यासारखे नियम वाढवले तर फरक कमी होतो. हमीच हवी असेल तर शेवटी मिनिमायझेशन करावं लागतं.

प्रश्न : मला “हा नमुना नको” असं लिहिता यायला हवंय. ते यात बसतं का?

बसतं, आणि मला या पद्धतीची सर्वांत मोलाची बाजू हीच वाटते. नकाराचा नियम एका ओळीचा आहे, आणि “हेही आणि तेही” चाही :

```
D_a(¬r)   = ¬D_a(r)
D_a(r&s)  = D_a(r) & D_a(s)
```

एनएफएमध्ये स्वीकाराच्या अवस्था नुसत्या उलटवून नकार मिळत नाही. एकाच स्ट्रिंगला तिथे अनेक वाटा असतात, म्हणून आधी डीएफए करावाच लागतो. इथे ती अडचणच नाही. वरच्या `(a|ab)*` चा नकार घेतला तर अवस्था `¬r`, `¬s` आणि `¬∅` होतात, बाण तेच राहतात आणि स्वीकार फक्त `¬∅` ला. जपायचं ते इथेच. काही जण वेग वाढवायला `∅` कडे जाणारे बाण टाकून देतात. नकार असला की हीच “मेलेली” वाट सगळं स्वीकारणारी होते. म्हणून वाट तोडायची ती पूर्ण एक्स्प्रेशन सोपं होऊन `∅` झालं तरच. आतला एखादा भाग `∅` झाला म्हणून नव्हे.

अवस्थांचा स्फोट मात्र ही पद्धतही टाळू शकत नाही. शेवटून अकरावं अक्षर `a` हवं, एवढीशी अट `a`, `b` वर घातली तरी कुठल्याही डीएफएला किमान २,०४८ अवस्था लागतात. अशा वेळी पूर्ण तक्ता आधी बांधू नका. इनपुट वाचता वाचता लागेल ते डेरिव्हेटिव्ह काढा आणि जपून ठेवा; मग हजार अक्षरांच्या इनपुटमध्ये फार तर हजार नव्या अवस्था तयार होतील.