देश कुठली शस्त्रं घ्यायची हे कसं ठरवतो, आणि संरक्षण प्रकल्प एवढे का रखडतात?

सैन्य गरज लिहून देतं, पण हाती पडतं ते बजेटमध्ये बसेल तेवढंच. त्यातही पगार, पेन्शन आणि जुन्या करारांचे हप्ते आधी जातात, म्हणून नव्या खरेदीला उरलेला हिस्सा मिळतो.

अमेरिकेच्या झुमवाल्ट युद्धनौकांचं उदाहरण घ्या. बेत होता ३२ नौकांचा. नवी तोफ, नवी वीजयंत्रणा, नवा आकार, सगळं एकाच जहाजात बसवायचं ठरलं. माझ्या मते खरी चूक इथेच झाली, कारण एक भाग अडला की बाकीचे त्याच्यासाठी थांबून राहतात. खर्च वाढला तशी संख्या कापली गेली आणि शेवटी फक्त ३ नौका बांधल्या गेल्या. संशोधनाचा खर्च मात्र नौका कमी झाल्या म्हणून कमी होत नाही. तो ३२ ऐवजी ३ वर विभागला गेला आणि प्रत्येक नौका प्रचंड महाग पडली.

तोफेच्या खास गोळ्याचंही तेच झालं. मागणी इतकी घटली की एका गोळ्याची किंमत सुमारे ८ लाख डॉलरवर गेली आणि २०१६ मध्ये त्याची खरेदीच सोडून दिली. त्या तोफांना दुसरा गोळा चालत नव्हता.

म्हणून एखादा प्रकल्प घसरतोय का हे ओळखायचं असेल, तर तारखांआधी मागणीची संख्या पाहा. ती दरवर्षी कमी होत असेल, तर प्रत्येक नगाची किंमत चढणार आणि पुढची कपातही येणार.