जोड्या जुळवताना कारण कसं लिहावं

इंदूरला नव्यानं शिकवणी सुरू केलीत आणि ‘सही जोड़ी बनाइए’वर मुलं अडतात म्हणता, तर सुरुवातीला दोनच गोष्टी धरा. उदाहरणाला जीवनसत्त्वांचा प्रश्न घेऊ.

पहिली गोष्ट कारणाची. ‘क जीवनसत्त्व – स्कर्व्ही’ या जोडीपुढे मुलं हमखास लिहितात: क कमी पडलं की स्कर्व्ही होतो. हे कारण नव्हे, जोडीच पुन्हा लिहिली. मधला दुवा हवा: क शिवाय शरीराला कोलॅजन, म्हणजे ऊतींना बांधून ठेवणारं प्रथिन, मजबूत बनवता येत नाही, म्हणून रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि हिरड्यांतून रक्त येतं. तसंच:

- अ – रातांधळेपणा: अंधुक प्रकाशात दिसण्यासाठी डोळ्यातलं जे रंगद्रव्य लागतं, ते अ पासून बनतं.
- ड – मुडदूस: ड नसेल तर आतडं कॅल्शियम नीट शोषत नाही, वाढत्या वयातली हाडं मऊ राहून वाकतात.

तपासायची सोपी युक्ती: लिहिलेलं कारण शेजारच्या जोडीला लावून बघा. तिथंही बसलं, तर ते फार ढोबळ आहे. ‘शरीराला आवश्यक असतं’ हे असंच, कुठंही चिकटतं.

दुसरी गोष्ट, उजव्या रकान्यात एक पर्याय जास्त ठेवा. नाहीतर शेवटची जोडी न समजताच जुळते. इथं गलगंड छान बसतो. तो बहुधा आयोडीन कमी पडल्यानं होतो, आणि आयोडीन खनिज आहे, जीवनसत्त्व नाही. हे ज्याला सांगता आलं, त्याला धडा कळला समजा.

ब गटाचे प्रकार सध्या राहू द्या.