पैसा गेला नाही, पण काम तर वापरलं ना?

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल रात्री वाचली, सोबतची स्लाइडही पाहिली. ‘ईसॉप खर्च (नॉन-कॅश) वगळून नफा’ हे तू ठळक अक्षरांत लिहिलंयस, आणि खाली मला विचारलंयस, की सर, एक रुपयाही बाहेर जात नाही, कॅश फ्लोमध्ये आपण हा आकडा परत मिळवतोच, उलट लोक ईसॉपचे ऑप्शन एक्सरसाइज करतील, म्हणजे ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर घ्यायचा त्यांना दिलेला हक्क वापरतील, तेव्हा कंपनीकडे पैसे येणार आहेत, मग हा खर्च कसला? हा प्रश्न मनात येऊनही मान डोलावून एंट्री मारणाऱ्यांपैकी तू नाहीस, म्हणून सगळं काम बाजूला ठेवून लिहायला बसलोय.

सुरुवातीलाच एक सांगतो, आणि पुढेही सांगत राहीन. पैसा कधी गेला हे विचारू नकोस, काय वापरलं गेलं ते विचार. तुमच्या इंजिनिअरांनी वर्षभर काम केलं. ते काम गोदामात शिल्लक नाही, कोडमध्ये, ग्राहकांच्या तक्रारींत, रात्रीच्या रिलीजमध्ये वापरलं गेलं. वापरलेलं काम म्हणजे खर्च. त्याचा मोबदला रोख दिला की हक्काच्या रूपात दिला, हा एंट्रीच्या दुसऱ्या बाजूचा प्रश्न. डेबिट कामामुळे होतं. क्रेडिट कुठे जायचं, एवढंच मोबदल्यामुळे ठरतं.

पटत नसेल तर हा व्यवहार दोन तुकड्यांत करून बघ. समजा कंपनीने तेच ऑप्शन बाहेरच्या एखाद्या गुंतवणूकदाराला ₹120 ला एक या दराने विकले आणि आलेली रक्कम त्याच दिवशी कर्मचाऱ्यांना बोनस म्हणून वाटली. बोनस खर्चात जाईल, यावर तू वाद घालशील का? नाही. आता मधला गुंतवणूकदार काढून टाक आणि ऑप्शन थेट कर्मचाऱ्याच्या हातात दे. कंपनीने दिलं तेच, मिळवलं तेच. मधल्या दोन चेकच्या नोंदी तेवढ्या कमी झाल्या. त्या दोन चेकसाठी खर्च गायब होत असेल, तर तो हिशेब नाही.

तू म्हणशील, आजचा भाव ₹300 आणि एक्सरसाइज प्राइसही ₹300, मग हातात पडलं काय? शून्य! मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत होतो, म्हणून तुझ्यावर चिडायचा मला अधिकार नाही. पण एखाद्या बिल्डरकडे जा आणि म्हण, हा फ्लॅट आजच्या भावात मला तीन वर्षं राखून ठेवा. भाव वाढला तर घेईन, पडला तर येणारच नाही. तो फुकट राखून ठेवील? वर जायची मुभा आणि खाली पडायची जबाबदारी नाही, या सोयीला किंमत असते. ती काढायची पद्धत 1973 सालापासून ब्लॅक-शोल्स सूत्रात आहे. शेअरचा भाव, एक्सरसाइज प्राइस, ऑप्शन किती काळ हातात राहील त्याचा अंदाज, भावाची चढउतार, व्याजदर आणि लाभांश, एवढं त्यात घालावं लागतं. चढउताराचा अंदाज थोडा इकडेतिकडे होतो, हे खरं. पण घसारा लावताना यंत्राचं आयुष्य तरी कुणाला नेमकं माहीत असतं? अंदाज चुकेल म्हणून शून्य लिहायचं, तर तो सगळ्यांत मोठा चुकीचा अंदाज.

आता आकडे घेऊ, नाहीतर तू पुन्हा स्लाइडकडे वळशील. समजा 50 इंजिनिअरांना प्रत्येकी 1,000 ऑप्शन दिले, एक्सरसाइज प्राइस ₹300, ग्रँटच्या, म्हणजे ऑप्शन दिल्याच्या, दिवशी एका ऑप्शनची किंमत ₹120 आणि तीन वर्षं नोकरीत राहिलं की सगळे एकदम व्हेस्ट, म्हणजे हक्क पक्का. सगळे टिकले तर ₹60 लाख. पहिल्या वर्षाअखेर तुझा अंदाज आहे की शेवटपर्यंत 40 जण राहतील, म्हणजे ₹48 लाख, त्याचा तिसरा हिस्सा ₹16 लाख. पी अँड एलमध्ये कर्मचारी खर्चाला डेबिट, आणि इतर इक्विटीत ‘शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग’ खात्याला क्रेडिट. दुसऱ्या वर्षी अंदाज सुधारून 44 होतो. ₹52.8 लाखांचे दोन तृतीयांश ₹35.2 लाख, त्यातून आधीचे 16 वजा, या वर्षाचे ₹19.2 लाख. तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष 45 जण टिकले. एकूण ₹54 लाख, म्हणून उरलेले ₹18.8 लाख.

इथे थांबून बघ, कारण शेअरच्या रूपातल्या मोबदल्याचं आपलं लेखामानक जे इंड एएस 102, त्याचा सगळा जीव या ओळींत आहे. जे पाच जण तीन वर्षांच्या आत सोडून गेले त्यांच्यासाठी शेवटी एक पैसाही खर्च धरला गेला नाही, कारण हक्कासाठी ठरलेली सेवा त्यांनी पुरी केली नाही. माणसांची संख्या दरवर्षी सुधारली, पण ₹120 हा आकडा आपण एकदाही हलवला नाही. काम कुठल्या किमतीच्या मोबदल्यावर करायचं, हे ग्रँटच्या दिवशीच ठरलं होतं.

आणि आता तुला नक्की खटकेल अशी गोष्ट. चौथ्या वर्षी शेअरचा भाव ₹200 वर आला आणि कुणीच एक्सरसाइज केलं नाही. सगळे ऑप्शन मुदत संपून गेले. ₹54 लाखांचा खर्च उलटा फिरवायचा का? नाही. नफ्यात एक रुपयाही परत येत नाही. फार तर ती रक्कम इक्विटीच्या आतच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. का? 45 माणसांनी तीन वर्षं काम केलं, कंपनीने ते वापरलं, ते काही परत गेलं नाही. काय वापरलं गेलं ते विचार, एवढंच मी म्हणतोय.

भाव वर राहिला आणि सगळ्यांनी एक्सरसाइज केलं, तर 45,000 गुणिले 300, म्हणजे ₹1.35 कोटी कंपनीत येतील. तू त्यांना कमाई म्हणतेस. ती कमाई नाही, नव्या भागधारकाने आणलेलं भांडवल आहे. दर्शनी किंमत ₹10 धरली तर ₹4.5 लाख शेअर भांडवलात जातात. बाकीचे ₹130.5 लाख आणि त्या खात्यात साठलेले ₹54 लाख मिळून ₹184.5 लाख सिक्युरिटीज प्रीमियममध्ये. म्हणजे हिशेबाच्या दृष्टीने या लोकांनी शेअरसाठी ₹135 लाख रोख दिले आणि ₹54 लाख घाम गाळून दिले. डेबिट-क्रेडिट दोन्ही केल्यावर एकूण इक्विटी आहे तिथेच राहते, म्हणून हा नुसता कागदी खेळ आहे, असं तू तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंस. नाही गं. मालकांनी ₹54 लाखांचं काम भांडवल म्हणून आत आणलं आणि धंद्याने ते खाल्लं. बेरीज जुळते म्हणून खाल्लेलं न खाल्लेलं होत नाही.

आता माझं सांगतो. 2007 साली मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत वित्त विभाग सांभाळत होतो. नाव सांगणार नाही. चार्टर्ड अकाउंटंट्स इन्स्टिट्यूटच्या 2005 च्या गायडन्स नोटमध्ये तेव्हा निवड होती: ऑप्शनची पूर्ण किंमत धरा, किंवा फक्त बाजारभाव आणि एक्सरसाइज प्राइस यांतला फरक धरा. आम्ही एक्सरसाइज प्राइस बाजारभावाइतकीच ठेवली. फरक शून्य, खर्च शून्य. पूर्ण किमतीचा आकडा अहवालाच्या मागच्या पानांवर टिपेत दिला, जिथे कुणी पोहोचत नाही. बाहेरच्यापेक्षा कमी पगारावर चांगली माणसं आली, नफा सुरेख दिसला, आणि बोर्डासमोर ‘आपला पगारखर्च स्पर्धकांपेक्षा कमी आहे’ ही स्लाइड मी स्वतः दाखवली. तुझ्यासारखीच ठळक अक्षरांत.

2008 मध्ये बाजार कोसळला आणि ते ऑप्शन रद्दी झाले. दीड वर्षात माणसं माझ्या केबिनमध्ये येऊ लागली. एकाने बाहेरच्या ऑफरचं पत्र टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणाला, “सर, मी तीन वर्षं अर्ध्या पगारावर नव्हतो, बाकीचा अर्धा तुम्ही मला कागदावर देत होता.” पगार वाढवावे लागले. बोर्डात प्रश्न आला, खर्च एकाएकी एवढा कसा वाढला? वाढला नव्हता. तो आधीपासून होता, मी लिहिला नव्हता. मी केलं ते नियमात बसत होतं, हे आजही सांगतो. ऑडिटरची सही होती, टीप पूर्ण होती. आणि तरी त्या माणसाचं वाक्य डोक्यातून जात नाही.

हे फक्त आपल्याकडे झालं असंही नाही. अमेरिकेत लेखामानकं ठरवणाऱ्या मंडळाने 1993 मध्ये हा खर्च दाखवा असा प्रस्ताव आणला, तर 1994 मध्ये सिनेटने 88 विरुद्ध 9 मतांनी त्याविरुद्ध ठराव केला. मंडळाने माघार घेऊन टीपेवर समाधान मानलं. तिथे सक्ती व्हायला 2004 चा डिसेंबर उजाडला, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मानकातही ती आली, आणि इंड एएस लागू असलेल्या आपल्या कंपन्यांची ‘फक्त फरक धरा’ ही वाट 2016 पासून बंद होत गेली. मतदानाने खर्च लपवता येतो, पण कर्मचारी घरी काय घेऊन जातो ते बदलत नाही.

राहिला कॅश फ्लो. तिथे हा आकडा परत मिळवतात ते बरोबर आहे, कारण ते विवरण फक्त रोखीचं आहे. घसाराही मिळवतात, म्हणून यंत्र झिजत नाही असं कुणी म्हणत नाही. पण एक जागा तू पाहिलेली दिसत नाहीस. ऑप्शनमुळे शेअर वाढतात, जुने भागधारक कुरकुरतात, मग कंपनी बाजारातून शेअर परत विकत घेते. तो पैसा खराखुरा जातो. फक्त तो जातो वित्तपुरवठ्याच्या विभागात, आणि कामकाजाची रोकड मात्र फुगलेलीच दिसते. कुठल्याही कंपनीचा ‘नॉन-कॅश’ म्हणून मिरवलेला आकडा दिसला, की त्याच वर्षीचा बायबॅक शेजारी ठेवून बघ.

गुरुवारच्या मीटिंगसाठी स्लाइड बदल. ईसॉप वगळलेला नफा दाखवायचाच असेल, वरचे लोक ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे, तर खर्चानंतरचा नफा वर ठेव आणि तितक्याच मोठ्या अक्षरांत. आणि ‘शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग’ खात्याचा तीन वर्षांचा तक्ता बनव: सुरुवातीची शिल्लक, या वर्षाचा खर्च, सोडून गेलेल्यांचे उलटवलेले, एक्सरसाइज झालेले, अखेरची शिल्लक. बुधवारी रात्रीपर्यंत मला पाठव. सोडून गेलेल्यांच्या रकान्यात व्हेस्टिंगनंतर गेलेले मिसळले असतील, तर मी लगेच फोन करीन.

तुझा,
सर