‘प्रकाश टाकला जाईल’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न : परिषदेने माझ्या व्याख्यानाचा २५० शब्दांत सारांश मागितलाय. माझा ३१० झालाय. चालेल का?

नाही.

प्रश्न : सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं आहेत, त्यांवर मी पेवमालकांच्या मुलाखती घेतल्या. इतिहास परिषदेला सारांश पाठवला : ‘सदर व्याख्यानात पेवांच्या समृद्ध परंपरेचा आढावा घेऊन तिच्या ऱ्हासाच्या कारणांवर प्रकाश टाकला जाईल.’ नाकारला. विषय लहान पडला का, सर?

विषय उत्तम आहे, सारांशात तो उतरलेला नाही. तुमच्या वाक्यातली पेवं काढून कोल्हापुरी चपला घातल्या तरी वाक्य तसंच उभं राहतं. कारणं कोणती? सापडली असतील तर आत्ताच सांगा. व्याख्यानाआधी निष्कर्ष फोडला तर कोणी उचलेल, असं कोणीतरी सांगितलेलं असतं आणि मग सगळे झाकून ठेवतात. समितीला मात्र निष्कर्ष नाही म्हणजे कामच झालेलं नाही, असं वाटतं. आणि तिचं बहुधा चुकतही नाही.

असं लिहून पाहा : ‘हरिपूरला जमिनीत खणलेल्या पेवांत हळद साठवली जाई. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरून मोठं नुकसान झालं, आणि ऱ्हासाचं खापर पुरावरच फोडलं जातं. मी पेवमालकांच्या मुलाखती घेतल्या व त्यांच्या हिशेबाच्या वह्या पाहिल्या. त्यांवरून दिसतं, की पेवं रिकामी पडायला पुराआधीच सुरुवात झाली होती.’

वह्या आणि शेवटचं वाक्य माझ्या मनचं आहे. तिथे तुम्हाला जे सापडलं तेच घाला, ते पुराकडेच बोट दाखवत असलं तरी. किती मालकांशी बोललात, तो आकडाही द्या. मुलाखती अपुऱ्या असतील तर ‘प्राथमिक निरीक्षण’ म्हणा. मालकांची संमती घ्या आणि पाठवण्याआधी मार्गदर्शकांना दाखवा.

प्रश्न : वक्त्याच्या परिचयासाठी चार पानी बायोडेटा जोडू का?

जोडू नका. सूत्रसंचालक तो तुमच्याआधी वाचून दाखवणार, त्यामुळे पन्नास-साठ शब्द, तृतीयपुरुषी. कुठे काम करता आणि या विषयाशी तुमचा संबंध कसा आला, एवढं पुरे. आदर्श शिक्षक पुरस्कार पेवांबद्दल काही सांगत नाही. संयोजकांनी वेगळा नमुना दिला असेल तर तोच पाळा.

प्रश्न : ‘प्रमुख वक्ता म्हणून आपली निवड झाली आहे, आजच शुल्क भरा’ अशी मेल आली. मी काहीच पाठवलं नव्हतं.

मग निवड कशाची केली? पैसे भरू नका. नोंदणी शुल्क चांगल्या परिषदाही घेतात, त्यामुळे नुसत्या शुल्कावरून ठरवू नका. संयोजन समितीत ज्यांचं नाव छापलंय, त्यांच्यापैकी एकाला त्यांच्या महाविद्यालयाच्या क्रमांकावर फोन करा. आपलं नाव तिथे आहे हे त्यांनाच ठाऊक नसतं, असंही घडतं. शंका उरली तर तुमच्या ग्रंथपालांना विचारा.

प्रश्न : मुदत परवा संपली. सारांश तयार आहे. गुपचूप पाठवून देऊ?

गुपचूप नको. आधी संयोजकांना विचारा, आणि आजच विचारा.