फी थकली म्हणून शाळा दाखला अडवू शकते का?

प्रश्न : माझी इंदूरहून पुण्याला बदली झाली. मुलगी तेथील सीबीएसईच्या खासगी शाळेतून दहावी उत्तीर्ण झाली आणि मुलगा त्याच शाळेतून सहावी. शाळा ५८,००० रुपये भरल्याशिवाय दोघांचेही दाखले देत नाही. त्यांतले २२,००० शेवटच्या तिमाहीचे आहेत, ते आम्ही देणे लागतो. उरलेले ३६,००० पुढच्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीचे आहेत, कारण शाळा सोडत असल्याची आगाऊ सूचना आम्ही दिली नव्हती. मुलीला पुण्यात अकरावीला तात्पुरता प्रवेश मिळाला असून कनिष्ठ महाविद्यालय दाखला आणि मायग्रेशन मागते आहे. मुलाला अनुदानित शाळेत सातवीत घालायचे आहे. काय करावे?

उत्तर :

आपल्या दोन मुलांची कायदेशीर स्थिती सारखी नाही, त्यामुळे त्यांचे अर्ज आणि पुढील कार्यवाही वेगवेगळी ठेवावी.

मुलाची बाजू भक्कम आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना आणि पहिली ते आठवी या वर्गांना लागू आहे. त्याच्या कलम ५ नुसार कोणत्याही कारणाने, राज्यातल्या राज्यात किंवा राज्याबाहेर, शाळा बदलावी लागलेल्या बालकाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे आणि आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने त्यासाठी दाखला तात्काळ द्यायचा आहे. याच कलमात असेही म्हटले आहे की, दाखला सादर करण्यास उशीर झाला या कारणावरून नव्या शाळेने प्रवेश लांबवू किंवा नाकारू नये, आणि दाखला देण्यास विलंब करणारा मुख्याध्यापक सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. मात्र हा हक्क शासकीय, स्थानिक प्राधिकरणाच्या आणि अनुदानित शाळांपुरता आहे. खासगी विनाअनुदानित शाळेकडे या कलमाच्या आधारे जागा मागता येत नाही. आपण अनुदानित शाळा निवडली आहे, म्हणून हे कलम आपल्याला पूर्णपणे उपयोगी पडते.

तेव्हा पुण्यातील शाळेला कलम ५ चा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा, सोबत जन्मदाखला आणि सहावीचे प्रगतिपत्रक जोडावे, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्यावी. शाळेने तोंडी नकार दिला तर तो लेखी मागावा आणि नकाराची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी. प्रत्यक्षात अडचण बहुधा विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या यू-डायस प्लस या सरकारी संगणक प्रणालीत येते. जुन्या शाळेने मुलाचे नाव आपल्या पटावरून मोकळे केले नाही, तर नव्या शाळेला त्याची नोंद ओढून घेता येत नाही आणि ‘संगणक घेत नाही’ असे सांगून पालकांना परत पाठवले जाते. जुनी शाळा ऐकत नसेल तर ही नोंद सोडवून घेण्याची विनंती नव्या शाळेने तिच्यावरील शिक्षण कार्यालयामार्फत करावी, असे आपल्या अर्जातच नमूद करावे.

मुलीला या अधिनियमाचे संरक्षण नाही, कारण तिने आठवीचा टप्पा ओलांडला आहे. तिच्या बाबतीत आधी दोन कागद वेगळे ओळखले पाहिजेत. शाळा सोडल्याचा दाखला शाळा देते. मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र, परीक्षा घेणारे बोर्ड देते. एका बोर्डाचा विद्यार्थी दुसऱ्या बोर्डाकडे जाण्यास आपली हरकत नाही, एवढेच बोर्ड त्यातून सांगते. शाळा या कागदाची फार तर वाहक असते, त्यामुळे तो अडवण्याचा अधिकार तिच्याकडे मुळातच नाही. सीबीएसई आपल्या विद्यार्थ्यांचे गुणपत्रक आणि स्थलांतर प्रमाणपत्र डिजिलॉकरवर डिजिटल स्वाक्षरीसह उपलब्ध करून देते. मुलीच्या नावाच्या खात्यात ते पाहावे, आणि तेथे न मिळाल्यास बोर्डाच्या भोपाळ येथील प्रादेशिक कार्यालयाकडे दहावीच्या परीक्षेचा रोल नंबर आणि वर्ष देऊन अर्ज करावा. म्हणजे आपला निम्मा प्रश्न शाळेच्या दारात न जाताच सुटतो.

राहिला शाळेचा दाखला. थकीत फी वसूल करण्यासाठी शाळेला दिवाणी दावा लावता येतो. दाखला हे वसुलीचे साधन नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले असून दाखल्यावर थकबाकीची नोंद करण्यासही मनाई केली आहे. हा निर्णय मध्य प्रदेशावर बंधनकारक नाही, तरी तेथील न्यायालयापुढे आधार म्हणून ठेवता येतो.

माझा आग्रह असा आहे की मान्य असलेले २२,००० रुपये आजच बँकेमार्फत भरावेत. ज्याने देणे असलेली रक्कमही थकवली आहे, त्याच्याकडे न्यायालय सहानुभूतीने पाहत नाही. ३६,००० बाबत प्रवेश अर्जातील अटी वाचाव्यात. आगाऊ सूचनेची अट त्यात नसेल तर मागणीला आधारच उरत नाही. अट असली, तरी भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार शाळेला वाजवी भरपाईच मागता येते आणि अटीतील रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. रिकामी झालेली जागा लगेच भरली गेली असेल तर पूर्ण सहामाहीची फी वाजवी म्हणणे कठीण आहे. प्रवेशाच्या वेळी भरलेली अनामत रक्कम शाळेकडे असेल तर ती वळती करून घेण्याची मागणीही करावी.

त्यानंतर मुख्याध्यापकांना नोंदणीकृत टपालाने आणि ईमेलने पत्र पाठवावे. त्यात २२,००० भरल्याचा तपशील द्यावा, ३६,००० बाबतचा वाद स्वतंत्र असल्याचे लिहावे, सात दिवसांत दोन्ही दाखले मागावेत आणि प्रती इंदूरचे जिल्हा शिक्षणाधिकारी व सीबीएसईचे प्रादेशिक कार्यालय यांना पाठवाव्यात. बहुतेक शाळा या टप्प्यावर दाखला देतात. न दिल्यास मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करता येईल. शाळा खासगी असल्याने शिक्षणाधिकारी आणि बोर्ड यांनाही प्रतिवादी करावे, कारण त्यांनी आपले नियामक कर्तव्य बजावावे, असा आदेश मागणे अधिक सोपे जाते. महाविद्यालयाची मुदत अगदी तोंडावर आली, तर ३६,००० ‘हक्क राखून, निषेधासह’ असे लिहून भरावेत आणि परताव्यासाठी नंतर दावा करावा. एवढ्या रकमेसाठी मुलीचे वर्ष पणाला लावू नये.

दाखला हाती येताच तो तेथेच तपासावा. नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख अंकी व अक्षरी दहावीच्या प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळली पाहिजेत, आणि शाळा सोडल्याची तारीख व शेवटची उत्तीर्ण इयत्ता स्पष्ट असली पाहिजे. परराज्यातील दाखल्यावर तेथील शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी मागितली जाते. ती इंदूरमध्ये असतानाच घ्यावी, अन्यथा केवळ एका सहीसाठी पुन्हा प्रवास घडतो. मूळ दाखला महाविद्यालयाकडे जमा होतो, म्हणून त्याआधी साक्षांकित प्रती करून ठेवाव्यात.

महाविद्यालयाला दरम्यान बोर्डाचे गुणपत्रक, डिजिलॉकरवरील स्थलांतर प्रमाणपत्र आणि शाळेला पाठवलेल्या पत्राची प्रत देऊन दाखल्यासाठी मुदत मागावी. महाविद्यालयाची घाई विनाकारण नाही. दुसऱ्या बोर्डातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी त्याला राज्य मंडळाच्या पुणे विभागीय कार्यालयाकडून पात्रता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्या प्रस्तावाला दाखला आणि स्थलांतर प्रमाणपत्र हे दोन्ही कागद जोडावे लागतात. पात्रता मिळाली नाही तर अकरावीचे वर्ष सुरळीत पार पडूनही बारावीच्या परीक्षेचा अर्ज अडकतो. म्हणून कागद दिल्यानंतर प्रस्ताव विभागीय कार्यालयाकडे गेला का, याची विचारणा अकरावीच्या पहिल्या सत्रातच लेखी करावी आणि पात्रता प्रमाणपत्राची प्रत स्वतःकडे घ्यावी.