साभार, सौजन्य, स्रोत: कॅरोसेलमध्ये कुठे काय लिहायचं?

प्रश्न: सोशल मीडियासाठी अनेक स्लाइडचं कॅरोसेल करताना फोटोखाली ‘साभार’ लिहू, ‘सौजन्य’ लिहू की ‘स्रोत’? तिन्हींचा अर्थ एकच ना? आणि यातलं एक काहीतरी लिहिलं की कॉपीराइटचं झंझट मिटतं का? अवतरणाखाली तर नुसतं नाव पुरेल असं वाटतं.

उत्तर: अर्थ वेगवेगळे आहेत, आणि झंझट यातल्या एकाही शब्दाने मिटत नाही. हे शब्द माहिती देतात. वापरायची मुभा वेगळीकडून यावी लागते: मालकाच्या होकारातून, परवान्यातून, किंवा कॉपीराइटची मुदत संपून कृती हक्कमुक्त झालेली असल्यामुळे.

‘साभार’ म्हणजे आभारासह, एवढंच. संपादक नापसंत लेख ‘साभार परत’ पाठवतात तेव्हाही तोच अर्थ असतो. ‘आंतरजालावरून साभार’ लिहिलं तर आभार नक्की कोणाचे मानले ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. ‘सौजन्य’ मात्र जपून वापरावं. हा शब्द ‘सुजन’वरून आला. ‘छायाचित्र सौजन्य: अमुक’ याचा अर्थ त्या अमुकने आपणहून किंवा विनंतीवरून चित्र वापरायला दिलं. न विचारता उचललेल्या फोटोखाली हे लिहिणं म्हणजे न मिळालेली परवानगी मिळाल्याचं सांगणं. वर वाद झालाच, तर फोटो कोणाचा हे तुम्हाला ठाऊक होतं याचा पुरावाही तुमच्याच हातचा.

‘स्रोत’ म्हणजे तुम्हाला ती गोष्ट जिथे मिळाली ती जागा. (‘स्त्रोत’ नव्हे. मूळ धातू ‘स्रु’, वाहणे. त्यात ‘त’ नाही.) जागा सांगितली म्हणून निर्माता सांगितला असं होत नाही. ‘स्रोत: गूगल’मध्ये तर जागाही सांगितलेली नसते, कारण शोधयंत्र फक्त दाखवतं, चित्र दुसऱ्याच कोणाच्या तरी पानावर असतं. ‘श्रेय’ मला फारसा आवडत नाही. मराठीत श्रेय लाटतात नाहीतर त्यावरून भांडतात. त्यापेक्षा कामाचं सरळ नाव लिहावं: ‘छायाचित्र:’, ‘रेखाचित्र:’, ‘शिल्प:’, ‘भाषांतर:’. कोणी काय केलं ते वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आता एक स्लाइड पुरती सोडवून पाहू. विषय अभिव्यक्तिस्वातंत्र्य. स्लाइडवर फ्रेंच विचारवंत व्हॉल्टेअरच्या पुतळ्याचा फोटो आणि त्यावर हे वाक्य:

“तुमचं म्हणणं मला पटत नाही, पण ते म्हणण्याचा तुमचा हक्क मी प्राण गेला तरी राखीन.” — व्हॉल्टेअर

गडबड त्या आडव्या रेघेत आहे. अवतरणचिन्हं आणि रेघ मिळून ‘हे शब्द याच माणसाचे’ असा दावा करतात, आणि इथे तो खोटा आहे. वाक्य एव्हलिन बीट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेचं. एस. जी. टॅलेंटायर या टोपणनावाने तिने १९०६ साली व्हॉल्टेअरच्या मित्रमंडळींवर पुस्तक लिहिलं. फ्रेंच तत्त्वज्ञ हेल्व्हेशियसच्या ग्रंथाची होळी झाली त्या प्रसंगी व्हॉल्टेअरची वृत्ती काय होती, ते तिने आपल्या शब्दांत मांडलं. तिने स्वतःच ते अवतरणचिन्हांत घातलं, आणि पुढच्यांनी लेखिकेला गाळून वाक्य थेट व्हॉल्टेअरच्या तोंडी दिलं.

अशी वाक्यं ओळखायची एक साधी खूण आहे. हजार ठिकाणी वाक्य सापडतं, सगळीकडे खाली तेच मोठं नाव असतं, पण ग्रंथ, पत्र, भाषण, साल यातलं काहीच नसतं. असं दिसलं की ग्रंथांच्या शोधात वाक्याचा सर्वांत जुना छापील आढळ पाहावा. तो त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी सापडला, तर सावध व्हावं. व्हॉल्टेअर १७७८ साली गेला. त्यानंतर १२८ वर्षांनी हे वाक्य आलं.

मग खाली लिहायचं काय? ‘एव्हलिन बीट्रिस हॉल, १९०६, व्हॉल्टेअरची भूमिका सांगताना’. मूळ सापडलंच नाही तर ‘व्हॉल्टेअरच्या नावावर प्रचलित’. आपल्याकडे यासाठी ‘म्हणे’ आहेच, पण स्लाइडवर तो जरा खोडसाळ वाटतो. वाक्य मराठीत तुम्ही आणलं असेल तर ‘भाषांतर माझं’ हेही सांगावं. दुसऱ्याचं भाषांतर उचललं असेल तर भाषांतरकाराचं नाव हवंच, कारण मूळ कृती हक्कमुक्त झाली तरी भाषांतरावर त्याचा स्वतंत्र हक्क असू शकतो. आणि शब्द बदलून फक्त मथितार्थ दिला असेल तर अवतरणचिन्हं काढून ‘आशय’ लिहावं.

‘नुसतं नाव पुरेल’ हे म्हणूनच अर्धं खरं. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराचं दहावं कलम प्रकाशित कृतीतून अवतरण घ्यायला मुभा देतं, पण ते उचित रीतीला धरून आणि कामापुरतंच असावं, आणि स्रोताबरोबर लेखकाचं नाव दिलेलं असेल तर तेही सांगावं, असं ते म्हणतं. चर्चेसाठी घेतलेलं एक वाक्य यात सहज बसतं. हयात कवीची अख्खी कविता सहा स्लाइडवर सजवली, तर खाली ठळक नाव टाकूनही ते अवतरण ठरणं कठीण.

आता फोटो. पुतळा ज्याँ-आंत्वान उदों या शिल्पकाराचा, आणि तो १८२८ साली गेला, म्हणजे शिल्पावर आता कोणाचा हक्क नाही. पण शिल्पाचा फोटो काढताना कोन, प्रकाश, चौकट छायाचित्रकार निवडतो, म्हणून फोटोवर त्याचा हक्क असू शकतो. इथेच बरेच जण फसतात. व्हॉल्टेअरच्या जुन्या सपाट चित्राची हुबेहूब नक्कल असती तर गोष्ट सोपी होती, कारण अशा नकलेवर नवा हक्क निर्माण होत नाही असं बऱ्याच देशांत धरतात.

समजा, फोटो विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर CC BY-SA 4.0 या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मिळाला. मग ओळ अशी होईल:

‘शिल्प: ज्याँ-आंत्वान उदों. छायाचित्र: (कॉमन्सच्या पानावर जसं असेल तसं नाव), CC BY-SA 4.0, विकिमीडिया कॉमन्स. बदल: कापून घेतलं, वर मजकूर घातला.’

शेवटचा भाग सर्रास गळतो, पण बदल सांगणं ही परवान्याची अट आहे. SA म्हणजे ‘त्याच अटींवर पुढे द्या’, त्यामुळे फोटोत मजकूर मिसळून झालेली ही स्लाइडही त्याच परवान्याने द्यावी लागते. बाकीच्या स्लाइडना तो लागू होत नाही. परवान्यात ND, म्हणजे ‘बदल नको’ असं असतं, तर असा बदललेला फोटो प्रसिद्धच करता आला नसता.

ओळ कुठे टाकायची? सगळे ऋणनिर्देश शेवटच्या स्लाइडवर ढकलायची पद्धत आहे, पण लोक मधलीच स्लाइड स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवतात आणि नावं मागे राहतात. म्हणून वाक्याचा कर्ता आणि छायाचित्रकाराचं नाव त्या त्या स्लाइडवरच, वाचता येईल अशा आकारात द्यावं. परवान्याचा आणि मूळ पानाचा दुवा, बदलांची नोंद हे कॅप्शनमध्ये स्लाइडच्या क्रमांकानुसार चालतं. परवानाही ‘माध्यमाला साजेशी’ रीत मान्य करतो.

आणि ‘फोटो कोणाचा असल्यास कळवा, नाव देऊ’ ही ओळ सोडून द्यावी. शोधायचं काम वापरणाऱ्याचं असतं, आणि मालकाला नाव नको, फोटो काढून टाकायला हवा असेल तर ती ओळ काहीच कामाची नाही.