मराठी जाहिरात चालली की इंग्रजी, हे क्लिकवरून ठरवू नका

कांदा-लसूण चटणीची मराठी आणि इंग्रजी जाहिरात फेसबुकवर एकाच अ‍ॅड सेटमध्ये टाकू नका. मेटा सुरुवातीच्या थोड्या क्लिकवरूनच एकीकडे पैसे वळवतं, दुसरीला संधीच मिळत नाही. त्याऐवजी ए/बी टेस्ट लावा. त्यात लोकांचे दोन गट पडतात आणि एका माणसाला एकच जाहिरात दिसते. फोटो, अर्धा किलोचा भाव, कोल्हापूरभोवतीचा परिसर, रोजचं बजेट, सगळं सारखं ठेवा. बदलायची फक्त भाषा.

जाहिरात कोणाला दाखवायची हे निवडताना भाषेचा रकाना मात्र दोन्हीकडे रिकामा सोडा. तिथे मराठी निवडलंत तर ज्यांचं फेसबुकच मराठीत आहे तेवढेच लोक उरतात. राजारामपुरीत घरात मराठी बोलणाऱ्या कितीतरी जणांचा फोन इंग्रजीत असतो. ते सगळे गळतात आणि तुलना भाषेची न राहता माणसांची होते.

क्लिकनंतरचं पानही त्या-त्या भाषेत हवं. मराठी वाचून आलेल्याला इंग्रजी ऑर्डर फॉर्म दिसला की तो परत फिरतो आणि दोष मराठी जाहिरातीवर येतो.

आता निकाल. समजा दोन्हींवर प्रत्येकी 6,000 रुपये खर्चले. मराठीला 900 क्लिक, 18 ऑर्डर. इंग्रजीला 500 क्लिक, 16 ऑर्डर. मराठी जिंकली असं लगेच म्हणू नका. ऑर्डरींची बेरीज 34, तिचं वर्गमूळ सुमारे 6, दुप्पट 12. फरक 12 च्या आत असेल तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो, आणि इथे तो फक्त 2 आहे. टेस्ट पूर्ण आठवड्यांच्या हिशेबात वाढवा, कारण रविवारची खरेदी वेगळी असते.